कावीळ दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं नव्हे

पत्र

आमचा थोरला माझ्यासारखाच सावळा. जन्मानंतर त्याला कावीळ झाली होती, पण घरात कुणालाच दिसली नाही. पाचवीच्या दिवशी दूध ओढेना, नुसता झोपून राहिला म्हणून दवाखान्यात नेलं, तर बिलिरुबिन २२ निघालं. दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवावं लागलं. आता मला दुसऱ्यांदा आठवा महिना लागलाय. सावळ्या बाळाची कावीळ घरात ओळखायची कशी? शिवाय थोरल्याच्या कमरेवर जन्मापासून निळा डाग आहे. पाळणाघरातल्या बाईंनी परवा 'मार लागलाय का' म्हणून विचारलं. मला फार वाईट वाटलं. आणि अंगावर पुरळ आलं की सगळीकडे 'लाल चट्टे बघा' असं लिहिलेलं असतं, याच्या अंगावर लाल काही दिसतच नाही. डॉक्टरांच्या पुस्तकांत आपल्या रंगाची माणसं नसतात का?

— एक आई, बार्शी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

कावीळ नाही, हे घरात नुसत्या नजरेने खात्रीने सांगता येत नाही. सावळ्या बाळाच्या बाबतीत नाहीच, गोऱ्या बाळाच्या बाबतीतही नाही. नजरेने एकच गोष्ट ठरवता येते, ती म्हणजे आत्ता उठून दवाखान्यात जायचं. 'काही दिसत नाही, उद्या बघू' हे मात्र नजरेवर सोडायचं नाही. त्यामुळे या खेपेला बघण्यापेक्षा मोजण्यावर भर द्या. मागच्या वेळी तुमचं लक्ष कमी पडलं, असं मनात आणू नका. जे दिसणंच अवघड होतं, ते तुम्हाला दिसलं नाही, इतकंच.

ते अवघड का, हे समजलं की पुढचं सोपं जातं. रक्तातल्या लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो. नवजात बाळाचं यकृत अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं, म्हणून तो रक्तात साठतो आणि तिथून कातडीत उतरतो. तो पिवळा दिसतो, कारण निळा प्रकाश शोषून घेतो. कातडीच्या वरच्या थरातलं, कातडीला सावळा रंग देणारं मेलॅनिनही निळा प्रकाश चांगलाच शोषतं. म्हणजे पिवळ्या कापडावर तपकिरी जाळीचा पडदा टाकल्यासारखं होतं. गोऱ्या बाळाच्या छातीवर बोट दाबून सोडलं की रक्त क्षणभर बाजूला सरतं, लाली जाते आणि खालचा पिवळेपणा उघडा पडतो. मेलॅनिन मात्र बोटाने सरकत नाही. म्हणून पुस्तकातली ही बोट दाबण्याची युक्ती सावळ्या बाळावर अर्धीच चालते.

त्यात आणखी एक गुंता आहे. आपल्याकडची बहुतेक बाळं जन्मतः त्यांच्या पुढच्या रंगापेक्षा उजळ, लालसर असतात. म्हणून तर घरातल्या आज्या कानाची पाळी बघून 'हा मोठेपणी सावळा होणार' म्हणतात. तो रंग पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत भरत जातो. पूर्ण दिवसांच्या बाळात बिलिरुबिन सर्वांत वर जातं ते साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे 'रंग उतरतोय' हे म्हणणं सगळ्यांना पटतं आणि कावीळ त्याआड राहते.

आता मोजण्याबद्दल. नवजात बाळाच्या काविळीत नुसता आकडा काही सांगत नाही; त्या आकड्यासोबत बाळाचं वय तासांत लागतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तक्त्यात ३८ किंवा त्याहून जास्त आठवडे पोटात राहून जन्मलेल्या बाळाला निळा लाइट सुरू करण्याची रेषा अशी आहे: २४ तासांना सुमारे १२, ४८ तासांना सुमारे १५, ७२ तासांना साडेसतरा आणि ९६ तासांपासून पुढे साडेवीस. हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. आपल्याकडच्या लॅबचा कागद याच मापात येतो. भारतात बरेच बालरोगतज्ज्ञ अमेरिकेचे तक्ते वापरतात, त्यांच्या रेषा थोड्या वेगळ्या असतात. पण तत्त्व तेच. ३८ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाची रेषा खाली येते.

समजा, बाळ सोमवारी सकाळी आठला जन्मलं. मंगळवारी सकाळी आठला मोजलं तर ६ आलं. रेषा १२ वर, म्हणजे सगळे निर्धास्त. बुधवारी सकाळी आठला ११.५ आलं. रेषा १५ वर, म्हणजे अजूनही खाली, आणि घरी जायची तयारी सुरू. पण इथे वजाबाकी करा. २४ तासांत साडेपाचाने वाढ झाली, म्हणजे तासाला जवळपास ०.२३. पहिल्या दिवसानंतर वाढीचा वेग तासाला ०.२ किंवा त्याहून जास्त असेल, तर लाल पेशी नेहमीपेक्षा जोरात मोडत असल्याची शंका घ्यायची असते. याच वेगाने गुरुवारी सकाळी हे बाळ १७ वर जाईल आणि शुक्रवारी रेषा ओलांडेल. घरी पोचल्यावर, पाहुण्यांच्या गर्दीत. म्हणजे अशा बाळाला बुधवारी 'सात दिवसांनी दाखवा' असं सांगून पाठवणं चूक आहे. त्याचा रक्तगट आणि लाल पेशी मोडण्याच्या तपासण्या व्हायला हव्यात आणि काही तासांतच पुन्हा मोजायला हवं. आणि सावळ्या बाळाच्या तोंडाकडे बघून यातलं काहीही कळलं नसतं.

म्हणून प्रसूतीआधीच डॉक्टरांना सांगून ठेवा, की थोरल्याला लाइट लागला होता. दुसऱ्या बाळाच्या बाबतीत ही मोठी जोखीम धरली जाते. तुमचा रक्तगट ओ किंवा आरएच निगेटिव्ह असेल तर तेही सांगा. घरात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता कुणाला असेल, तर ते आवर्जून सांगा. तशा बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत डांबर गोळ्या अजिबात नकोत. त्यांच्या वाफेनेही लाल पेशी झपाट्याने मोडू शकतात. जुन्या पेटीतून काढलेली झबली घालण्याआधी धुऊन उन्हात वाळवा.

मोजण्याचे दोन मार्ग आहेत. एक रक्ताचा. दुसरा कपाळावर किंवा छातीच्या हाडावर टेकवायच्या यंत्राचा, ज्यात सुई लागत नाही. गडद कातडीवर हे यंत्र बरेचदा खरं असेल त्यापेक्षा थोडं जास्त दाखवतं. म्हणजे चुकलं तरी ते सावधपणाच्या बाजूला चुकतं. चाळणी म्हणून ते चांगलंच आहे, फक्त आकडा लाइटच्या रेषेपासून ३ किंवा त्याहून कमी अंतरावर आला किंवा १५ च्या वर गेला की रक्त तपासून खात्री करायची. बाळ लाइटखाली राहिलं असेल तर लगेच यंत्राने मोजू नका. लाइटने कातडीतला पिवळेपणा आधी उतरतो, रक्तातला तेवढा नाही, म्हणून यंत्र फसवं कमी दाखवतं. घरी निघण्यापूर्वी एकदा आकडा घ्या आणि पुढचा कधी घ्यायचा, ते कागदावर दिवस आणि वेळेसह लिहून मागा. 'पिवळं वाटलं तर या' एवढ्यावर समाधान मानू नका. तुमच्या बाबतीत ही सूचना एकदा निरुपयोगी ठरलेली आहे.

घरी आल्यावर बघायचंच, पण योग्य जागी आणि योग्य उजेडात. बाळंतिणीची खोली अंधारी ठेवायची रीत असते, वर पिवळसर बल्ब, अंगाला हळद आणि डाळीचं पीठ, डोळ्यांत काजळ आणि अंगात आहेराचं पिवळं झबलं. यांतल्या एकेका गोष्टीने डोळा फसतो. बाळाला दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी, खिडकीजवळच्या उजेडात न्या. थेट उन्हात नको. अंग पुसून घ्या, पांढरं दुपटं खाली घाला.

मग तीन जागा बघा, जिथे मेलॅनिन कमी असतं. पहिली हिरडी: धुतलेल्या बोटाने वरची हिरडी एक क्षण दाबून सोडा. रक्त परत येण्याआधी तिथे फिकट पांढरं दिसायला हवं. पिवळट दिसलं तर कावीळ आहे. कधीकधी हिरडीवरच काळसर छटा असते, तेव्हा तोंडातली टाळू बघा. दुसरी जागा डोळ्याचा पांढरा भाग. झोपलेल्या बाळाच्या पापण्या ओढत बसू नका. मान आणि डोकं नीट आधाराने धरून बाळाला हळूच उभं केलं की ते बहुधा आपणच डोळे उघडतं. तिसरी जागा तळहात आणि तळपाय. तिथे पिवळेपणा पोचला असेल तर बिलिरुबिन बरंच वर गेलेलं असण्याची शक्यता आहे, तेव्हा वेळ न घालवता निघा.

रंगाहून जास्त भरवसा वागण्यावर आणि लंगोटावर ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी ओले लंगोट व्हायला हवेत. नवजात बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगी असते; लंगोटावर पिवळा डाग पडत असेल तर दाखवा. शी तोपर्यंत काळ्या चिकट रंगावरून मोहरीसारखी पिवळी झालेली हवी. ती खडूसारखी किंवा मातकट पांढरी होत असेल, तर पित्ताची वाट बंद असण्याची शंका येते. त्या आजाराचं ऑपरेशन साधारण दोन महिन्यांच्या आत झालं तर फायदा जास्त होतो, म्हणून तिथे एक आठवडाही मोलाचा असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही टिकली, तर बाळ कितीही गुटगुटीत दिसो, रक्तातलं 'डायरेक्ट' बिलिरुबिन तपासायला सांगा.

पहिल्या २४ तासांत जराही पिवळेपणा दिसला, बाळ पाजायला उठत नसेल, किंचाळल्यासारखं रडत असेल, अंग ढिलं पडलं असेल किंवा पाठीची कमान करत असेल, तर रात्री दोन वाजताही निघा. फार वाढलेलं बिलिरुबिन मेंदूत शिरतं आणि ऐकू येण्यावर, हालचालींवर कायमचा परिणाम करतं. या टप्प्यावर कोवळ्या उन्हात ठेवून बघण्यात वेळ घालवू नका. उन्हात निळा प्रकाश असतो हे खरं, पण किती मिळाला हे कळत नाही, उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि घरच्यांना उपचार चालू असल्याचा दिलासा मिळून दोन दिवस निघून जातात.

आता पुस्तकांविषयी. तुमची शंका खरी आहे. २०१८ मध्ये दोन समाजशास्त्रज्ञांनी वैद्यकीय शिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या चार पाठ्यपुस्तकांतली ४,१४६ चित्रं मोजली. गडद कातडीची निघाली साडेचार टक्के. २०२० मध्ये कोविडच्या कातडीवरच्या खुणा दाखवणारे, तोवर छापून आलेले १३० फोटो तपासले गेले, तेव्हा सर्वांत गडद दोन वर्णप्रकारांतला एकही फोटो त्यांत नव्हता. आणि पुस्तकांत जिथे गडद कातडीचे फोटो होते, तिथे ते सिफिलिससारख्या लैंगिक आजारांच्या प्रकरणांत जास्त सापडले, साध्या आजारांत कमी. ही नुसती उणीव नाही. आपल्या रंगाच्या माणसाकडे पुस्तक कोणत्या नजरेने बघत होतं, तेही त्यातून दिसतं.

याचं मूळ शब्दांत आहे. कातडीच्या आजारांची परिभाषा युरोपातल्या रुग्णालयांत, तिथल्या रुग्णांवरून घडली. 'लालसर', 'गुलाबी', 'फिकट' हे तिथल्या डोळ्यांनी पाहिलेले रंग. पुढे तीच पुस्तकं आपल्या महाविद्यालयांत आली आणि मुलं 'लाल चट्टा' पाठ करून परीक्षा देऊ लागली, वॉर्डात मात्र सावळा रुग्ण समोर असायचा. जन्मलेल्या बाळाला जगभर देतात तो अपगार गुण बघा: त्यात रंगाचे पूर्ण दोन गुण 'संपूर्ण गुलाबी' बाळाला. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ च्या मूळ लेखातच रंगाची खूण सर्वांत असमाधानकारक असल्याचं म्हटलं होतं, तरी ती तशीच शिकवली गेली. २०२३ मध्ये इंग्लंडच्या एनएचएस रेस अँड हेल्थ ऑब्झर्व्हेटरीच्या अहवालाने अपगार, ओठ-अंगाचा निळेपणा आणि कावीळ या तिन्ही तपासण्या गडद रंगाच्या बाळांसाठी कमी पडतात, हे स्पष्ट मांडलं. वर्णाचे सहा प्रकार सांगणारी फिट्झपॅट्रिकची पट्टीसुद्धा १९७५ मध्ये गोऱ्या रुग्णांना अतिनील किरणांची मात्रा ठरवण्यासाठी निघाली; सावळे आणि काळे प्रकार तिच्यात नंतर जोडले गेले. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातल्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याने शिक्षकांसोबत २०२० मध्ये गडद कातडीवरच्या खुणांचं सचित्र पुस्तक काढलं, ते याच त्रुटीतून.

थोरल्याच्या कमरेवरच्या डागाची कथाही यातलीच. रंग बनवणाऱ्या पेशी गर्भात कातडीच्या वरच्या थराकडे जाताना काही खोलवरच अडकतात; खोलातलं मेलॅनिन बाहेरून निळं-करडं दिसतं. १८८५ मध्ये टोकियोत राहणाऱ्या एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टराने त्याला एका वंशाची खूण समजून नाव दिलं, आणि शंभर वर्षं ते पुस्तकांत चाललं. खरं तर भारत, आफ्रिका, पूर्व आशियात असे डाग असलेली बाळं अगदी सामान्य आहेत, आणि बहुतेकांचे डाग शाळेत जायच्या वयापर्यंत फिके होतात.

पाळणाघरातल्या बाईंवर रागावू नका. त्यांनी विचारलं हे बरंच केलं, कारण कधीतरी एखाद्या मुलाला खरंच मार लागलेला असतो. फरक त्यांना दाखवून द्या. तुमच्या मुलाचा डाग सपाट आहे, दाबला तर दुखत नाही, कडा धूसर आहेत आणि महिन्यामागून महिना तसाच राहतो. माराचा डाग सुरुवातीला दुखतो, अनेकदा सुजलेला असतो, दिवसागणिक बदलतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. सावळ्या कातडीवर तो निळा-हिरवा-पिवळा असा रंग बदलताना दिसत नाही. गडद तपकिरी किंवा काळपट दिसतो, कधी नुसताच हाताला सुजलेला लागतो. म्हणून रंगावरून 'हा मार किती दिवसांचा' हे कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. थोरल्याच्या डागाजवळ पट्टी धरून एक फोटो काढा, डॉक्टरांकडून लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये फाइलवर लिहून घ्या आणि त्याची प्रत पाळणाघरात द्या. नव्या बाळाला असा डाग असला तर पहिल्याच तपासणीत डिस्चार्ज कार्डावर नोंदवून घ्या. परदेशात राहणाऱ्या कुटुंबांना तर ही नोंद फार उपयोगी पडते. मात्र अजून कुशीवरही न वळणाऱ्या बाळाच्या अंगावर नवा, बदलत जाणारा काळपट डाग आला, तर त्याच दिवशी दाखवा. अशा बाळाला स्वतःहून मार लागत नाही. रक्त न गोठण्याचाही आजार असू शकतो.

पुरळाबद्दल थोडक्यात. सावळ्या अंगावर 'लाल' शोधू नका. तिथे तो चट्टा जांभळट, गडद तपकिरी किंवा राखाडी दिसतो. खिडकीचा उजेड बाजूने पडेल असं मुलाला बसवा, म्हणजे उंचवट्यांच्या सावल्या दिसतात. हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघा, बोटांनी खडबडीतपणा बघा, दुसऱ्या हाता-पायाच्या त्याच जागेशी ताडून बघा. गोवराचं पुरळ कानामागे आणि केसांच्या रेषेपासून सुरू होऊन खाली उतरतं, त्याआधी दोन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक आणि चुरचुरणारे डोळे असतात. रंगापेक्षा हा क्रम जास्त खात्रीचा. ताप असताना पुरळ आलं, तर काचेचा साधा पेला त्यावर दाबून काचेतून बघा. डाग फिका झाला नाही तर तो कातडीत झिरपलेल्या रक्ताचा असतो, आणि मग डेंगी किंवा मेंदूज्वराची शंका घेऊन तडक रुग्णालय गाठावं लागतं. गडद अंगावर पेल्याखालचा बदल कळला नाही, तर तीच तपासणी तळहात, तळपाय यांवर करा आणि तोंडातली टाळू व खालच्या पापणीची आतली बाजू नजरेने बघा. तिथे टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके असतील, तर पेल्याने काय दिसतं याची वाट पाहू नका.

प्रसूतीच्या पिशवीत एक कागद घालून ठेवा. त्यावर तुमचा रक्तगट, थोरल्याचं २२ बिलिरुबिन आणि ते कितव्या दिवशी आलं, आणि त्याला लाइट किती दिवस लागला हे लिहा. खाली तीन रकाने मोकळे सोडा: बाळाचं वय तासांत, बिलिरुबिन आणि पुढची तपासणी कधी. पहिली ओळ तिथल्या नर्सकडून घरी निघण्याआधीच भरून घ्या.